वर दुसरा राऊटर, पण वाय-फायचं नाव एकच

सोलापूरच्या पूर्व भागात खाली यंत्रमागाचा कारखाना आणि वर राहतं घर अशी बांधणी गल्लोगल्ली दिसते. नेटवाला फायबर आणतो तो खालच्या ऑफिसपर्यंत, आणि त्याचं खोकं तिथेच रस्त्याकडच्या कोपऱ्यात भिंतीला ठोकून जातो. खाली बिलं निघतात, कॅमेरे चालतात, सगळं ठीक. वर मागच्या खोलीत मात्र पोरांचा क्लास अडकत राहतो, कारण मध्ये लोखंडी सळ्यांचा स्लॅब आहे, दोन भिंती आहेत आणि खाली ओळीने लोखंडी माग उभे आहेत.

अशा घरात बहुतेक वेळा एखादा जुना राऊटर कपाटात पडलेला असतो. तो वर लावायचा, केबलने खालच्या खोक्याला जोडायचा आणि त्याला खालचंच नाव, खालचाच पासवर्ड द्यायचा. मग फोन वर-खाली गेला तरी नेटवर्क बदलावं लागत नाही. नाव सारखं ठेवणं हे दोन मिनिटांचं काम आहे. खरं काम त्याच्या आजूबाजूला असतं: फोन-लॅपटॉपना नेटवर्कवरचे पत्ते वाटणारा एकच हवा, दोघांचे चॅनेल वेगळे हवेत आणि दोन खोक्यांमधलं अंतर असं हवं की फोन पहिल्याला वेळेवर सोडेल. यातलं एक जरी चुकलं, तरी नाव एकच असूनही रोज कुरबुर चालू राहते.

पुढे साखर पेठेतल्या अशाच एका घराचं उदाहरण घेऊन जातो. खाली पुढे ऑफिस, त्याच्या मागे टॉवेलचे माग. वर हॉल आणि मागे दोन खोल्या. प्लॅन १०० एमबीपीएसचा. वरच्या मागच्या खोलीत फोनवर सिग्नल उणे ८२ डीबीएम दिसत होता आणि पाच गिगाहर्ट्झचं नेटवर्क तर दिसतच नव्हतं. हा आकडा वाय-फाय अ‍ॅनालायझर प्रकारच्या कुठल्याही फुकट अ‍ॅपमध्ये दिसतो. तो शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ७५ च्या खाली घासाघीस सुरू होते आणि उणे ८२ ला नुसतं चिन्ह दिसतं, काम होत नाही.

आधी केबल

दोन खोक्यांमध्ये केबल टाकता येत असेल तर तीच टाका. कॅट फाइव्ह-ई किंवा कॅट सिक्स, शंभर मीटरपर्यंत चालते. घरात वीस-पंचवीस मीटरच्या वर क्वचित लागते. आपल्या उदाहरणात ऑफिसमधून जिन्याच्या कडेने वरच्या हॉलच्या मागच्या दारापर्यंत १८ मीटर लागली.

दुकानात केबल घेताना शुद्ध तांब्याची मागा. स्वस्त केबलच्या आत अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असतो, ती वळवताना तुटते आणि तुटलेली जागा बाहेरून दिसत नाही. दुसरं, मागाच्या मोटरची वायर आणि ही केबल एकाच पट्टीतून नेऊ नका. शक्य तितकी लांब ठेवा, आणि ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.

केबल वर कुठे संपवायची, याचा विचार भिंतीला भोक पाडायच्या आधी करा. मागच्या खोलीत रेंज नाही म्हणून खोकं थेट त्या खोलीच्या टोकाला नेऊन लावायचा मोह होतो, पण मग हॉल आणि जिना दोघांच्याही हातून सुटतात. उलट ऑफिसच्या बरोबर वर लावलं, तर दोन्ही खोकी एकाच जागेवर ओरडत बसतात. हॉल आणि मागच्या खोल्या यांच्यामधलं दार ही या घरातली योग्य जागा होती. उंची डोक्याच्या थोडी वर, पण पत्र्याच्या किंवा छताच्या अगदी लगत नाही. बहुतेक घरगुती राऊटर ४० अंशांपर्यंत चालवण्यासाठी बनवलेले असतात आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सावलीतच पारा त्याच्या वर जातो. पत्र्याखाली लावलेला राऊटर दुपारी आपोआप बंद-चालू होऊ लागला, तर सेटिंगमध्ये दोष शोधत बसू नका. कारखान्याच्या बाजूला असेल तर महिन्यातून एकदा त्याच्या झरोक्यांत अडकलेली सुताची धूळ ब्रशने झटका.

खालच्या खोक्याची माहिती लिहून घ्या

नेटवाल्याने बसवलेल्या खोक्याच्या पानावर लॉगिन करा. पत्ता आणि पासवर्ड बहुतेक वेळा मागच्या स्टिकरवर असतो. तिथून चार गोष्टी कागदावर उतरवा.

पहिली, वाय-फायचं नाव, अगदी जसंच्या तसं. लहान-मोठं अक्षर, मधली जागा, शेवटी चुकून पडलेली मोकळी जागासुद्धा. `Ghar` आणि `ghar` ही फोनच्या लेखी दोन वेगळी नेटवर्क आहेत. दुसरी, पासवर्ड. तिसरी, सुरक्षेचा प्रकार, म्हणजे `WPA2-PSK` आहे की `WPA2/WPA3` मिश्र, आणि त्यापुढे `AES` आहे की `TKIP`. चौथी, खोक्याचा स्वतःचा पत्ता आणि ते इतरांना कुठून कुठपर्यंतचे पत्ते वाटतं.

सुरक्षेच्या प्रकाराकडे लोक सर्रास दुर्लक्ष करतात. नाव आणि पासवर्ड तोच, पण खाली एक प्रकार आणि वर दुसरा असं झालं, की काही फोन आणि विंडोजचे लॅपटॉप वर गेल्यावर पुन्हा पासवर्ड विचारतात किंवा गुपचूप जोडायचं टाळतात. दोन्हीकडे `WPA2-PSK` आणि `AES` ठेवा. जुन्या राऊटरला बहुतेक तेवढंच येतं, आणि जुना कॅमेरा किंवा वाय-फायवरचा प्लगही त्यावर कुरकुर करत नाही. खाली `TKIP` दिसलं तर ते बदलाच. त्यावर वेग ५४ एमबीपीएसच्या पुढे जातच नाही, प्लॅन कितीही मोठा घ्या.

उदाहरणातल्या खोक्याचा पत्ता `192.168.1.1` होता आणि ते `192.168.1.2` पासून `192.168.1.254` पर्यंत सगळे पत्ते वाटत होतं. दुसऱ्या राऊटरला कायमचा एक पत्ता हवा आणि तो या वाटपाच्या बाहेरचा हवा, नाहीतर एखाद्या दिवशी तोच पत्ता कुणाच्या तरी फोनला मिळेल. म्हणून वाटपाची सुरुवात `192.168.1.20` केली. आता दोनपासून एकोणीसपर्यंतचे पत्ते आपल्या हातात राहिले. नेटवाल्याने हे पान कुलूपबंद ठेवलं असेल, तर त्यांच्या माणसाला फोन करून एवढा एकच बदल करून घ्या.

जुना राऊटर तयार करणं

इथे क्रमाला महत्त्व आहे. जुना राऊटर अजून खालच्या खोक्याला जोडू नका. नुसती वीज द्या, मागचं रीसेटचं भोक टाचणीने दहा-पंधरा सेकंद दाबून धरा आणि तो मूळ स्थितीला आणा. मग लॅपटॉप केबलने त्याच्या `LAN` पोर्टला लावा, लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा आणि स्टिकरवरचा पत्ता उघडा.

प्रथम `Operation Mode` किंवा तशा नावाचा पर्याय शोधा. त्यात `Access Point` असेल तर ते निवडा. मग तो राऊटर स्वतः पत्ते वाटणं आणि वेगळं नेटवर्क बनवणं थांबवतो, आणि पुढचं निम्मं काम वाचतं. या पर्यायात केबल मागच्या `WAN` पोर्टला लावली तरी चालते.

जुन्या राऊटरमध्ये हा पर्याय नसतोही. तेव्हा हाताने करायचं. आधी वाय-फायचं पान उघडून नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार कागदावरून भरा. राऊटरचं पान उघडायचा पासवर्ड `admin` असेल तर तोही याच बैठकीत बदला आणि `WPS` बंद करा. मग `LAN` च्या पानावर त्याचा पत्ता `192.168.1.2` करा. सेव्ह केल्यावर तो बंद होऊन चालू होईल आणि जुन्या पत्त्यावर सापडणार नाही; नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करा. सगळ्यात शेवटी `DHCP Server`, म्हणजे पत्तेवाटप, त्यासमोर `Disable` निवडून सेव्ह करा.

हे शेवटी का, तर ते बंद झाल्यावर तो राऊटर लॅपटॉपला पत्ता देत नाही. लॅपटॉपवर `169.254` ने सुरू होणारा पत्ता दिसतो आणि राऊटरचं पान उघडत नाही. राऊटर गेला असं वाटून लोक पुन्हा रीसेट करतात आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. तो गेलेला नाही. खालच्या खोक्याला जोडला, की त्याचं पान `192.168.1.2` वर घरातल्या कुठल्याही यंत्रावरून उघडतं.

आता केबल लावा: खालच्या खोक्याच्या एका `LAN` पोर्टमधून वरच्या राऊटरच्या `LAN` पोर्टमध्ये. हाताने सेटिंग केलेल्या राऊटरचं `WAN` पोर्ट रिकामं ठेवायचं. पत्ता न बदललेला आणि पत्तेवाटप चालू असलेला राऊटर तिथे लावला तरी नेट बहुधा चालतं, आणि म्हणूनच ही चूक महिनोन् महिने लक्षात येत नाही. पण मग वरचा राऊटर आपलं वेगळं नेटवर्क थाटतो. वरच्या लॅपटॉपवरून ऑफिसचा प्रिंटर दिसत नाही, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर सापडत नाही, आणि जिना उतरताना फोनचा पत्ता बदलून चालू कॉल तुटतो. एकाच नावाखाली दोन नेटवर्क झाल्यावर असंच होणार.

आणि दोघांमध्ये केबल एकच. जास्त वेग मिळेल म्हणून कुणी दुसरी केबलही लावली, तर माहिती दोन वाटांनी गोल गोल फिरत राहते. सगळ्या पोर्टचे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकतात आणि घरभर नेट बंद पडतं. एक केबल काढली की सगळं पुन्हा शांत.

चॅनेल वेगळे

नाव सारखं ठेवायचं आणि चॅनेल वेगळा, इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. दोघांचा चॅनेल एकच ठेवला, तर एक बोलत असताना दुसऱ्याला गप्प बसावं लागतं आणि दोघांचा वेग वाटला जातो.

२.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. खाली १ ठेवला तर वर ६ किंवा ११. पेठेत भिंतीला भिंत लागून घरं असतात, त्यामुळे अ‍ॅपमध्ये शेजारचं कुठलं नेटवर्क जोरात दिसतं ते पाहून यातला मोकळा निवडा. सगळेच भरलेत म्हणून ३ किंवा ८ असा मधला घेऊ नका. तो दोन्हीकडच्यांचा आवाज ओढून घेतो. रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. ४० केली तर तीनातले जवळजवळ दोन चॅनेल एकटा राऊटर खातो.

पाच गिगाहर्ट्झमध्ये जागा भरपूर आहे. खाली ३६, वर १४९, दोन्हीकडे रुंदी ८० असली तरी टक्कर नाही. मधले ५२ ते १४४ हे चॅनेल रडारसाठी राखून वापरायचे असतात. राऊटरला तिथे आधी ऐकत थांबावं लागतं आणि रडारचा भास झाला तरी चॅनेल सोडावा लागतो. घरात त्या भानगडीत पडायचं कारण नाही. दोन्ही खोक्यांवर चॅनेल `Auto` वर न ठेवता हाताने बांधून टाका, नाहीतर वीज जाऊन आल्यावर दोघंही एकाच चॅनेलवर येऊन बसू शकतात.

२.४ आणि ५ यांची नावंही एकच ठेवावीत असं माझं मत आहे. खाली दोन वेगळी नावं असतील आणि ती बदलायची नसतील, तर वरही तीच दोन नावं त्याच जोडीने द्या.

फोन सोडत का नाही

आता सगळं जोडलं, वर मागच्या खोलीत सिग्नल उणे ८२ वरून उणे ५२ वर आला. तरी पहिल्या दिवशी तक्रार येतेच: वरून खाली ऑफिसमध्ये आलं की फोन वरच्याच राऊटरला धरून बसतो.

कुठल्या खोक्याला जोडायचं हे फोन ठरवतो, राऊटर नाही. फोन आहे त्या सिग्नलवर चाललंय तोवर दुसरीकडे बघतच नाही. आयफोनबद्दल अ‍ॅपलने सांगितलेली रेषा उणे ७० डीबीएमची आहे. सिग्नल त्याच्या खाली गेला की तो त्याच नावाचं दुसरं खोकं शोधतो, आणि सापडलेलं स्पष्टपणे जास्त जोरदार असेल तरच जातो. अँड्रॉइडमध्ये ही रेषा फोनागणिक बदलते, पण वागण्याची तऱ्हा तीच. त्यामुळे वरच्या राऊटरचा सिग्नल ऑफिसमध्ये उणे ६६ ने पोचत असेल, तर फोनच्या दृष्टीने सोडायला कारणच नाही, शेजारी उणे ४० वाला बसलेला असला तरी.

उपाय उलटा वाटतो: ताकद कमी करायची. राऊटरच्या वाय-फायच्या पानावर `Transmit Power` असतं, २.४ गिगाहर्ट्झसाठी ते `High` वरून `Medium` किंवा `Low` करा. पाचला हात लावायची गरज सहसा पडत नाही, स्लॅब तो आपणच अडवतो. ताकद कमी केल्यावर वरच्या राऊटरचा सिग्नल ऑफिसमध्ये उणे ७६ झाला आणि जिन्याच्या वळणावर दोघांचाही उणे ६६-६८ च्या आसपास राहिला. हवं ते हेच. मधल्या जागेत दोन्ही कामापुरते ऐकू यावेत आणि एकाच्या घरात दुसरा कमजोर वाटावा. जिन्यात दोघेही उणे ७५ च्या खाली गेले, तर ताकद फार कमी झाली किंवा अंतर फार पडलं असं समजा.

दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे राऊटर एकमेकांशी बोलत नाहीत, त्यामुळे बदल होताना क्षणभर खंड पडणारच. व्हॉट्सअ‍ॅपवर बोलत जिना उतरलात तर एखादा शब्द गिळला जाईल. तेवढंही नको असेल, तर मेशकडे, म्हणजे एकमेकांशी बोलणाऱ्या राऊटरांच्या तयार संचाकडे, वळावं लागतं.

तपासणी

विंडोज लॅपटॉपवर कमांडची खिडकी उघडून हे चालवा:

```
netsh wlan show interfaces
```

त्यात `BSSID` समोर दिसणारा आकडा म्हणजे तुम्ही आत्ता ज्या खोक्याला जोडलेले आहात त्याची ओळख. खालच्याचा आणि वरच्याचा एकदा टिपून ठेवा, कारण नाव सारखं असल्याने दुसरं कशावरूनही कळणार नाही. फोनवर तोच आकडा अ‍ॅनालायझरमध्ये दिसतो. मग हे चालू ठेवून लॅपटॉप हातात घेऊन वरून खाली या:

```
ping -t 192.168.1.1
```

बदल होताना एखाद-दुसरी `Request timed out` ओळ येणं साहजिक आहे. ओळींवर ओळी येत राहिल्या तर सुरक्षेचा प्रकार दोन्हीकडे सारखा आहे का ते पाहा, मग जिन्यातला सिग्नल.

वाय-फाय जोडलेलं आहे पण नेट नाही, असं फक्त काही फोनवर आणि तेही दुसऱ्या दिवशी होत असेल, तर वरच्या राऊटरचं पत्तेवाटप चालूच राहिलेलं असतं. त्या फोनच्या वाय-फायच्या माहितीत गेटवे पाहा. तो `192.168.1.1` हवा. `192.168.1.2` दिसला की चोर सापडला. पहिल्या दिवशी सगळं चालतं, कारण फोनांकडे खालच्या खोक्याने दिलेले जुने पत्ते शिल्लक असतात.

वर वेग ९४-९५ च्या पुढे सरकत नसेल आणि प्लॅन मोठा असेल, तर जुन्या राऊटरची पोर्ट शंभरवाली आहेत किंवा केबलच्या आठ तारांपैकी एखादी नीट बसलेली नाही. आपल्या उदाहरणात प्लॅनच शंभरचा, म्हणून ते तसंच सोडून दिलं.

केबल शक्यच नसेल तर

भाड्याचं घर आहे, भिंतीला भोक पाडू देत नाहीत, किंवा जुन्या माळवदी वाड्याच्या जाड भिंती आहेत. तिथे मेशचा संच घ्या. त्यात नाव-पासवर्ड एकदाच भरायचा, बाकीचे नोड, म्हणजे संचातली बाकीची खोकी, तो आपोआप उचलतात. एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतले नोड घ्या. वेगवेगळे जुळवायचे असतील तर दोन्हीवर ईझीमेश लिहिलेलं आहे का ते विकत घेण्याआधी पाहा.

नोड जिथे रेंज नाही तिथे ठेवायचा नसतो. तो स्वतःच हवेतून माल आणतो. त्यालाच काही मिळालं नाही तर पुढे काय देणार? मुख्य खोक्याचा सिग्नल उणे ६० च्या आसपास असेल अशी मधली जागा शोधा, जिन्याचं तोंड बहुधा बरं पडतं. दोनच पट्ट्यांचा स्वस्त नोड त्याच पट्टीतून घेतो आणि त्याच पट्टीतून देतो, म्हणून एका उडीत वेग साधारण निम्मा होतो. शंभरचे पन्नास मिळाले तर नोड खराब आहे असं समजू नका.

मेशचा मुख्य नोड नेटवाल्याच्या खोक्याला जोडताना त्याच्या अ‍ॅपमध्ये `Access Point` निवडा आणि नेटवाल्याच्या खोक्याचं वाय-फाय बंद करा. ते त्याच नावाने चालू ठेवलं, तर मेशला ठाऊक नसलेला एक तिसरा सोबती घरात राहतो आणि फोन पुन्हा त्यालाच चिकटतात.

वीज आणि बदललेलं खोकं

एकच नाव असण्याचा एक तोटा वीज गेल्यावर दिसतो. खालचं खोकं इन्व्हर्टरवर आणि वरचं नाही, असं असेल तर वरचे सगळे फोन मुकाट खालच्या उणे ८२ वर जातात. चिन्ह वाय-फायचंच दिसतं आणि पान काही उघडत नाही, मोबाइल डेटावरही फोन लगेच जात नाही. उलट वरचं चालू आणि खालचं बंद असेल तर पूर्ण सिग्नल, पण नेट शून्य. दोन्ही खोकी इन्व्हर्टरवर घ्या, किंवा दोघांना राऊटरचा छोटा डीसी यूपीएस लावा. घेताना अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवा. बहुतेक राऊटर १२ व्होल्टचे असतात, पण काही जुने ९ किंवा ५ व्होल्टचेही निघतात.

कधीतरी नेटवाला खालचं खोकं बदलून देईल. नवं खोकं स्वतःचं नाव आणि कदाचित `192.168.100.1` सारखा वेगळाच पत्ता घेऊन येतं. वरचं वाय-फाय तरीही चालू राहतं, कारण ते फक्त माहिती पुढे सरकवतं. त्याचं पान तेवढं `192.168.1.2` वर उघडेनासं होतं. तेव्हा वरच्याला हात लावू नका. आधीचा कागद घेऊन बसा आणि नव्या खोक्यात तेच नाव, तोच पासवर्ड, `WPA2-PSK` आणि `AES`, चॅनेल १ आणि ३६, स्वतःचा पत्ता `192.168.1.1` आणि वाटपाची सुरुवात `192.168.1.20` एवढं भरा. बदलणारा माणूस घरात आहे तोवरच हे करून घ्या, कारण नव्या खोक्याचा लॉगिन पासवर्ड बहुतेक वेळा त्याच्याकडेच असतो.